एका बाइटची फुली

शंभर घरांचा तक्ता आखायचा, २ सोडून दोनच्या सगळ्या पटींवर फुली मारायची, मग ३ सोडून तीनच्या पटींवर, मग पाच, मग सात. शेवटी जे आकडे कोरे राहिले त्या मूळ संख्या. शाळेत हा उद्योग पुष्कळांनी केलेला असतो. २५ आकडे उरतात आणि तास संपायच्या आत काम आटोपते. पण तक्ता शंभराऐवजी एक कोटी घरांचा असेल तर? अमेरिकेतले गणिती डी. एन. लेहमर यांनी १९१४ साली १ ते १,००,०६,७२१ पर्यंतच्या मूळ संख्यांची छापील यादी प्रसिद्ध केली तेव्हा ती एका जाडजूड ग्रंथाएवढी झाली होती, आणि त्यामागे काही वर्षांची मेहनत होती. आज तीच यादी साधा लॅपटॉप सेकंदाच्या आत काढतो. त्यासाठी लागणारा सी भाषेतला प्रोग्रॅम पोस्टकार्डावर मावेल एवढा आहे, आणि पद्धत मात्र तीच, फुल्यांची.

ही पद्धत एराटोस्थेनिसची म्हणून ओळखली जाते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तो अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. पृथ्वीचा घेर मोजणारा तो हाच. त्याने स्वतः या पद्धतीबद्दल लिहिलेले काही आपल्या हाती आलेले नाही. इ.स. १०० च्या सुमारास निकोमॅकस या गणितज्ञाने अंकगणितावर जे पुस्तक लिहिले त्यात ती त्याच्या नावाने येते, आणि तिथेच तिला चाळणी म्हटले आहे.

आता कॉलेजातल्या पहिल्या वर्षाकडे या. सी शिकणाऱ्या मुलांच्या जर्नलमध्ये मूळ संख्यांची यादी छापणारा एक प्रोग्रॅम असतोच. बहुतेक मुले तो असा लिहितात: एकेक संख्या घ्यायची, तिला २ पासून तिच्या आधीच्या संख्येपर्यंत प्रत्येक आकड्याने भागून पाहायचे, कुठेच नि:शेष भाग गेला नाही तर ती छापायची. उत्तर बरोबर येते. पण मर्यादा एक लाखाची केली, तर नुसत्या मूळ संख्यांसाठीच ४५ कोटींहून अधिक भागाकार होतात, कारण ज्या संख्येला कशानेच भाग जात नाही तिच्यासाठी शेवटपर्यंत भागत बसावे लागते. चाळणी हा प्रश्न उलटा करते. ‘ही संख्या मूळ आहे का?’ असे ती कुणालाच विचारत नाही. कोणत्या संख्या नक्की मूळ नाहीत त्या ती बेरीज करत करत खोडत जाते. लाखापर्यंतच्या यादीला नीट लिहिलेल्या चाळणीत सुमारे दोन लाख फुल्या पुरतात आणि भागाकार एकही लागत नाही.

फुल्या मारायच्या तर तक्ता हवा, आणि संगणकाच्या स्मृतीतला तक्ता म्हणजे ॲरे, ओळीने मांडलेली घरे. इथे नवख्याचा हात पहिल्यांदा चुकीकडे वळतो. २, ३, ४, ५ असे आकडे ॲरेत भरून ठेवावेत असे त्याला वाटते. त्याची काही गरज नाही. एसटीच्या आरक्षणाच्या तक्त्यात आसनांचे क्रमांक आधीच ठरलेले असतात, नोंद करायची ती फक्त ‘भरले’ किंवा ‘रिकामे’. तसेच इथे घराचा क्रमांक हीच संख्या. सत्तेचाळीसाव्या घरात ४७ लिहिलेले नसते. तिथे एवढेच असते की फुली पडली की नाही.

हो किंवा नाही, इतकेच साठवायचे असेल तर त्याला जागा तरी किती द्यावी? सी भाषेत पूर्णांकासाठी वापरतात तो `int` आजच्या संगणकांवर साधारण चार बाइट घेतो. `char` हा प्रकार मुळात एक अक्षर ठेवण्यासाठी आहे आणि तो एकच बाइट घेतो. सीमध्ये याहून लहान स्वतंत्र घर मिळत नाही. म्हणून अक्षरांशी काही संबंध नसताना चाळणीचा तक्ता `char` चा करतात. एक कोटीच्या यादीला मग चार कोटी बाइटांऐवजी एक कोटी बाइट लागतात. संपूर्ण प्रोग्रॅम असा:

```c
#include <stdio.h>
#define N 49

static char fuli[N + 1];

int main(void)
{
    int p, j;

    for (p = 2; p * p <= N; p++)
        if (!fuli[p])
            for (j = p * p; j <= N; j += p)
                fuli[j] = 1;

    for (p = 2; p <= N; p++)
        if (!fuli[p])
            printf("%d\n", p);
    return 0;
}
```

`static` लिहिल्यामुळे सगळी घरे सुरुवातीला शून्य असतात, म्हणजे कुठेही फुली नाही. मर्यादा मी मुद्दाम ४९ घेतली आहे, त्याचे कारण पुढे येईल. आता एकेक फेरी पाहू. ॲरे दहा-दहा घरांच्या ओळींत छापला आहे, फुलीसाठी `x` आणि कोऱ्या घरासाठी टिंब. पहिली ओळ ० ते ९ ची, दुसरी १० ते १९ ची, याप्रमाणे. (० आणि १ या घरांवर मी हाताने फुली दाखवली आहे; प्रोग्रॅम त्यांच्याकडे पाहतच नाही.) दोनची फेरी झाल्यावर चित्र असे दिसते:

```
xx..x.x.x.
x.x.x.x.x.
x.x.x.x.x.
x.x.x.x.x.
x.x.x.x.x.
```

२३ घरे गेली. पुढचे कोरे घर ३. तिथून ९, १२, १५ असे तीन-तीनच्या उडीने ४८ पर्यंत जायचे. या फेरीत १४ फुल्या पडतात, पण त्यांतल्या सात आधीच खोडलेल्या घरांवर. नवी घरे जातात ती ९, १५, २१, २७, ३३, ३९ आणि ४५.

```
xx..x.x.xx
x.x.xxx.x.
xxx.x.xxx.
x.xxx.x.xx
x.x.xxx.x.
```

चारवर फुली आहे, म्हणून तो वगळला जातो; चारच्या सगळ्या पटी दोनने कधीच नेल्या आहेत. पाचची फेरी २५ पासून सुरू होते आणि तिला नवी घरे दोनच मिळतात, २५ आणि ३५. सहाला फुली आहे. सातची फेरी ४९ पासून सुरू होते आणि तिथेच संपते. शेवटचा तक्ता:

```
xx..x.x.xx
x.x.xxx.x.
xxx.xxxxx.
x.xxxxx.xx
x.x.xxx.xx
```

टिंबे मोजा, १५ आहेत: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७. खोडायची घरे ३३ होती आणि फुल्या पडल्या ४३. म्हणजे काही घरांवर एकाहून जास्त फुल्या पडल्या. तीसवर तर तीन. हे टाळता येते, पण त्यासाठी प्रत्येक वेळी ‘इथे आधी फुली आहे का’ असे तपासावे लागेल, आणि बाइटमध्ये पुन्हा १ लिहिण्याहून ते तपासणेच महाग पडेल. चाळणीचा बराचसा वेग या बेफिकिरीतून येतो.

सातची फेरी १४ पासून का नाही सुरू केली? कारण सातची ४९ पेक्षा लहान पट घेतली, १४, २१, २८, ३५ किंवा ४२, तर ती सातहून लहान कशाने तरी गुणलेली असते. तिच्यात २, ३ किंवा ५ असतोच, आणि त्या फेरीत ती आधीच खोडली गेलेली असते. हाच युक्तिवाद उलट्या बाजूने लावला की बाहेरची फेरी कुठे थांबवायची तेही कळते. ज्या संख्येचा वर्गच मर्यादेबाहेर जातो तिला खोडण्यासारखे नवे काही उरलेले नसते. शंभराच्या तक्त्यात या दोन सवलती घेतल्या तर १०४ फुल्या पडतात. न घेता प्रत्येक मूळ संख्येची फेरी तिच्या दुपटीपासून चालवली तर १४६. शंभराला हा फरक किरकोळ वाटेल. मात्र वर्गापासून सुरुवात करण्याच्या या सवलतीतच एक सापळा आहे.

काहीजण आतली ओळ `j = p * p` अशी बरोबर लिहितात, पण बाहेरची फेरी `p <= N` अशी शेवटपर्यंत चालवतात. दहा हजाराला उत्तर बरोबर, चाळीस हजाराला बरोबर, आणि एक लाखाला प्रोग्रॅम `Segmentation fault` म्हणत कोसळतो. कारण असे: चार बाइटांच्या `int` मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. ४६,३४० चा वर्ग तिच्यात बसतो, ४६,३४१ चा बसत नाही. ४६,३४१ ला तीनने भाग जातो, म्हणून तिथे काही घडत नाही. त्यानंतरची पहिली मूळ संख्या ४६,३४९ आली की तिचा वर्ग उतू जातो आणि बहुतेक यंत्रांवर ऋण होतो. ऋण संख्या मर्यादेपेक्षा लहानच, त्यामुळे `j <= N` ही अट तिला अडवत नाही, आणि प्रोग्रॅम ॲरेच्या कितीतरी आधीच्या जागेवर फुली मारायला जातो. वर दिलेल्या प्रोग्रॅममध्ये बाहेरची फेरी वर्गमुळाशी थांबते, म्हणून लाखाला हा प्रसंग येत नाही. मर्यादा स्वतःच दोनशे कोटींच्या पलीकडे न्यायची असेल तर `p * p <= N` ऐवजी `p <= N / p` लिहावे, `p` आणि `j` दोघांनाही `long long` करावे आणि `printf` मध्ये `%lld` वापरावे.

दुसरी चूक अगदी एका चिन्हाची. `<=` च्या जागी `<` पडले, तर शंभराच्या यादीत काहीच बिघडत नाही, कारण १०० हा कुठल्या मूळ संख्येचा वर्ग नाही. व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षकही १०० घालून पाहतात आणि सही करतात. मर्यादा ४९ घ्या, लगेच पकडले जाते: सातची फेरी होतच नाही आणि १५ ऐवजी १६ संख्या छापल्या जातात, शेवटची ४९. मी ४९ निवडली ती यासाठी. १२१ ला हीच चूक ३० च्या जागी ३१ दाखवते.

फेरी २ ऐवजी १ पासून सुरू केली तर गंमतच होते. १ वर फुली नाही, त्याचा वर्ग १, उडीही एकाची. पहिल्याच फेरीत सगळा तक्ता खोडला जातो आणि यादी रिकामी येते. लेहमर यांच्या १९१४ च्या यादीत १ ही मूळ संख्या धरली होती. ती आज कुणी धरत नाही, आणि चाळणीला तर ती मुळीच परवडत नाही.

आणखी एक घोटाळा खास `char` मुळे होतो. अक्षरांचा ॲरे आहे म्हटल्यावर काहींना वाटते की त्यात अक्षरच ठेवले पाहिजे, म्हणून ते सुरुवातीला प्रत्येक घरात `'0'` भरतात आणि फुलीसाठी `'1'`. पण अवतरणचिन्हांतले `'0'` म्हणजे शून्य नव्हे. ते छापायचे अक्षर आहे आणि आस्की संकेतात त्याचा क्रमांक ४८ आहे. सीच्या लेखी शून्य सोडून बाकी सगळे ‘खरे’. त्यामुळे `!fuli[p]` ही अट कधीच लागू होत नाही आणि पडद्यावर एकही संख्या येत नाही. यादी पूर्ण रिकामी आली, किंवा २ पासून पुढची प्रत्येक संख्या मूळ म्हणून आली, तर आधी हे अवतरणचिन्ह शोधावे.

`N + 1` मधला १ विसरला तर मात्र चूक गप्प बसते. ४९ घरांच्या ॲरेतले शेवटचे घर ४८ वे, कारण मोजणी शून्यापासून आहे. ४९ वर मारलेली फुली शेजारच्या कुठल्यातरी व्हेरिएबलच्या अंगावर पडते, आणि सी काही तक्रार करत नाही. `gcc` ला `-g -fsanitize=address` हे पर्याय देऊन प्रोग्रॅम चालवला तर तो ती ओळ बोट ठेवून दाखवतो. ॲरे `main` च्या आत, `static` न लिहिता ठेवला तर दोन विघ्ने येतात. घरांत आधीचा कचरा असतो, आणि तात्पुरत्या व्हेरिएबलांसाठी असलेली स्टॅक नावाची जागा अपुरी पडते. ती लिनक्सवर सहसा ८ मेगाबाइट असते, विंडोजवर एक. एक कोटी बाइटांचा तक्ता तिथे मावत नाही.

तपासायला काही आकडे जवळ ठेवावेत. मूळ संख्या हजारापर्यंत १६८, दहा हजारापर्यंत १,२२९, लाखापर्यंत ९,५९२, दहा लाखांपर्यंत ७८,४९८ आणि एक कोटीपर्यंत ६,६४,५७९ आहेत. यादी वाचत बसण्यापेक्षा मोजणी जुळवणे सोपे.

संगणकाच्या जगात या पद्धतीचा सर्वांत गाजलेला प्रोग्रॅम मात्र वेगळाच आकडा छापत असे: १८९९. सप्टेंबर १९८१ च्या ‘बाइट’ या अमेरिकन मासिकात जिम गिलब्रेथ यांनी निरनिराळ्या भाषांचा आणि कंपायलरांचा वेग मोजण्यासाठी तो दिला होता. जानेवारी १९८३ मध्ये त्यांनी गॅरी गिलब्रेथ यांच्याबरोबर त्याच विषयावर पुन्हा लेख लिहिला. सी भाषेतल्या त्यांच्या प्रोग्रॅममध्ये `char flags[size+1]` असा तक्ता होता आणि `size` ची किंमत ८१९०. त्या काळच्या घरगुती संगणकाची सगळी स्मृती मिळून ६४ किलोबाइटच्या घरात असायची, त्यातले आठ या तक्त्याला. ८१९० पाहून कुणालाही वाटेल की ही ८१९० पर्यंतच्या मूळ संख्यांची मोजणी आहे. तशी ती केली तर १०२७ येतात.

उलगडा घराच्या क्रमांकात आहे. गिलब्रेथ यांनी सम संख्यांना तक्त्यात जागाच दिली नव्हती. शून्य क्रमांकाचे घर ३ चे, पहिले ५ चे, दुसरे ७ चे. `i` क्रमांकाचे घर `i + i + 3` या संख्येचे. मग शेवटचे, ८१९० वे घर १६,३८३ चे ठरते. तिथपर्यंतच्या मूळ संख्या १९००, आणि त्यांतली २ तक्त्यात नाही, म्हणून १८९९. खोडण्याची आतली ओळ अशी होती:

```c
for (k = i + prime; k <= size; k += prime)
    flags[k] = false;
```

उदाहरणार्थ ५ घ्या. त्याचे घर पहिले. त्यात ५ मिळवले की सहावे घर, म्हणजे १५. पुन्हा पाच मिळवले की अकरावे, म्हणजे २५. दहा आणि वीस तक्त्यातच नाहीत, त्यामुळे पाच घरांची एक उडी संख्यांच्या दृष्टीने दहाची पडते. हे पाहिले की प्रोग्रॅमची रचना आवडू लागते. त्यात गुणाकारसुद्धा नाही, `2 * i` लिहायच्या ठिकाणी `i + i` आहे. झेड-८० सारख्या तेव्हाच्या प्रोसेसरांत गुणाकार-भागाकाराच्या सूचनाच नव्हत्या, ती कामे बेरीज-वजाबाकीच्या लांबलचक खटाटोपाने करावी लागत. चाळणीला त्यांची गरज पडत नाही, म्हणून अशा यंत्रावरही ती जोमाने चालत असे. वर्गापासून सुरू करायची आणि वर्गमुळाशी थांबायची सवलत मात्र या प्रोग्रॅमने घेतलेली नाही. चाळणी म्हणून ती त्रुटीच, पण स्पर्धेत उतरलेली प्रत्येक भाषा तेवढेच काम करत असल्याने तुलनेला बाधा येत नाही. हे पुरेसे ओळखीचे झाल्यावर कंपायलर विकणाऱ्यांच्या जाहिरातींत ‘सीव्हला इतके सेकंद’ असे छापून येऊ लागले.

बाइटमध्ये आठ बिट असतात आणि फुलीला खरे तर एकच बिट पुरतो. मग सात बिट वाया का घालवायचे? मर्यादा दहा-वीस लाखांची असेल तर माझे मत वाया घालवावेत असेच आहे. बाइटवर फुली मारणे म्हणजे एकदा लिहून मोकळे होणे. बिटवर मारायची तर तो बाइट आधी वाचावा लागतो, त्यातला नेमका बिट बदलावा लागतो आणि मग बाइट परत ठेवावा लागतो. शिवाय वाचणाऱ्याच्या डोक्यालाही ताप. मर्यादा शंभर कोटींची झाली की पारडे फिरते. तिथे `char` चा तक्ता एका गिगाबाइटच्या आसपास जातो. सम संख्या वगळून बिट वापरले तर तोच ६० मेगाबाइटवर येतो.

पण मोठ्या तक्त्याची खरी अडचण नुसती जागेची नाही. प्रोसेसरच्या अगदी जवळची जलद स्मृती, पहिल्या पातळीची कॅशे, बहुधा ३२ ते ४८ किलोबाइटांची असते. ३१,६०७ सारख्या मूळ संख्येच्या उड्या इतक्या लांब पडतात की प्रत्येक फुलीला दूरच्या मुख्य स्मृतीपर्यंत जावे लागते, आणि प्रोसेसर वाट पाहत बसतो. यावरचा उपाय म्हणजे पूर्ण तक्ता एकदम मांडायचाच नाही. आधी मर्यादेच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्या छोट्या चाळणीने काढायच्या. शंभर कोटींसाठी ३१,६२२ पर्यंतच्या पुरतात. मग कॅशेत मावेल एवढाच तुकडा घेऊन तो चाळायचा, उरलेल्या संख्या छापायच्या आणि तोच ॲरे पुसून पुढच्या तुकड्याला वापरायचा.

हाताने करून पाहण्याजोगा तुकडा १००० ते १०९९ चा. १०९९ चे वर्गमूळ ३३ च्या किंचित पुढे आहे, म्हणून २ ते ३१ या अकरा मूळ संख्या पुरतात. ॲरे शंभर बाइटांचा, आणि १००० चे घर शून्य क्रमांकाचे. सातची फेरी कुठून सुरू करायची? १००० किंवा त्यापुढची सातची पहिली पट १००१, म्हणून घर क्रमांक १, पुढे ८, १५, २२. ही पहिली पट काढायला प्रत्येक मूळ संख्येमागे तुकड्यागणिक एक भागाकार करावा लागतो, आणि चाळणीत भागाकार शिरतो तो इथे. सुरू-घर एकाने जरी चुकले तरी त्या संख्येच्या सगळ्या फुल्या भलत्याच घरांवर पडतात. १००१ ऐवजी १००२ धरला तर १००९ वरच फुली बसते आणि एक अस्सल मूळ संख्या यादीतून गायब होते. मोजणी लगेच चुगली करते: या शंभर घरांत १००९ पासून १०९७ पर्यंत बरोबर १६ कोरी राहायला हवीत.